आधारगटाची पहिली बैठक: पहिला अर्धा तास कसा घ्यावा

स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांना किंवा जोडीदाराला घरी सांभाळणाऱ्यांचा आधारगट तुम्ही पुण्यात सुरू करताय, असं धरू. पुण्यातल्या काही आधारगटांत अशा माणसांना शुभंकर म्हणतात. कोथरूडमधल्या एका सोसायटीचा हॉल, शनिवारची संध्याकाळ, साडेचारची वेळ. बारा जण येणार आहेत आणि कोणी कोणाला ओळखत नाही.

तुम्ही चारलाच पोहोचा. खुर्च्या गोलात मांडा, मध्ये टेबल नको. दाराजवळच्या दोन खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहू द्या. घरून फोन आला तर कोणालाही न ओलांडता बाहेर जाता आलं पाहिजे. चहा शेवटी न ठेवता आल्याआल्या द्या. हातात कप असला की अनोळखी माणसाशेजारी उभं राहणं सोपं जातं.

दारात प्रत्येकाला स्वतः भेटा. ‘नमस्कार, या. तुम्हाला काय म्हणून हाक मारू?’ एवढंच विचारा आणि जे उत्तर येईल ते मोठ्या अक्षरांत स्टिकरवर लिहा. कोणी ‘सुनंदाताई’ सांगेल, कोणी ‘कुलकर्णीकाका’, कोणी नुसतं ‘नितीन’. आडनाव, मूळ गाव, नोकरीतला हुद्दा विचारू नका. हे प्रश्न आपल्याकडे सहज विचारले जातात, पण त्यांतून माणसं पहिल्या मिनिटालाच एकमेकांची पायरी ठरवून टाकतात. ‘तुमच्याकडे पेशंट कोण?’ हा प्रश्नही दारात नको.

पाच मिनिटं थांबून सुरुवात करा आणि ओळखीच्या आधीच तीन गोष्टी सांगा. बैठक बरोबर सहाला संपेल. बोलायचं नसेल तर ‘पुढे जाऊ’ म्हटलं तरी चालेल, त्याचं कारण कोणी विचारणार नाही. इथे ऐकलेलं इथेच राहील, घरी किंवा व्हॉट्सॲपवर जाणार नाही. मोबाइल बंद करायला मात्र सांगू नका, सायलेंटवर ठेवू द्या. घरी आईजवळ कोणाला तरी बसवून आलेल्या माणसाचा फोन बंद केलात, तर त्याचं सगळं लक्ष घरीच राहील.

आता जमिनीवर पुण्याचा नकाशा कल्पून घ्या. गोलाच्या मध्ये एक खुर्ची ठेवा, ती म्हणजे शनिवारवाडा. पूर्वेला हडपसर, पश्चिमेला कोथरूड, दक्षिणेला कात्रज, वायव्येला पिंपरी-चिंचवड. ‘आपापल्या घरी जाऊन उभे राहा.’ गुडघे दुखणाऱ्यांनी बसूनच हात करून जागा दाखवावी. इथे स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही, तरी बोलणं आपोआप सुरू होतं: ‘तुम्ही धनकवडीत? मी बालाजीनगरला.’ पुढच्या वेळी एकाच रिक्षाने यायचं अशा गोष्टी इथेच ठरतात. पाच-सात मिनिटं पुरे.

यानंतर बहुतेक जण गोलात एकेकाला उभं करून ओळख करून घेतात. पहिल्या बैठकीत ते टाळाच. 1973 साली माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवलं, की आपली पाळी येण्याच्या जरा आधी जे बोललं जातं, ते माणसाला नीट आठवत नाही. प्रत्येक जण मनात स्वतःची वाक्यं जुळवत असतो. म्हणजे ओळख होते, पण ती ऐकलेली नसते.

त्याऐवजी नकाशावर शेजारी आलेल्यांच्या जोड्या लावा. आकडा विषम झाला तर तिघांचा एक गट करा, तुम्ही जोडीत बसू नका. प्रत्येकाला तीन मिनिटं आणि एकच प्रश्न: ‘या आठवड्यात स्वतःसाठी मिळालेली दहा मिनिटं तुम्ही कशी घालवलीत?’ आधी तुमचं उत्तर तीन वाक्यांत सांगून दाखवा: ‘मी गच्चीत बसले. कोणी हाक मारली नाही. चहा गरम असतानाच प्यायला.’ तुम्ही जितकं लांब आणि जितकं आतलं बोलाल, तितकंच तेही बोलतील, म्हणून साधं ठेवा. ‘सर्वांत कठीण काय वाटतं?’ हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बैठकीसाठी राखून ठेवा.

मग प्रत्येकाने जोडीदाराची ओळख गोलात करून द्यायची, एकेक वाक्यात. त्याआधी जोडीदाराला विचारायचं, ‘यातलं काय सांगू?’ ही पायरी गाळली तर एखाद्याने हळू आवाजात सांगितलेलं सगळ्यांसमोर येतं, आणि तो माणूस परत येत नाही.

एखादीला रडू येईल. पाण्याचा ग्लास जवळ ठेवा आणि ‘सावकाश, घाई नाही’ म्हणा. कोणी लगेच ‘आमच्या सासूबाईंचंही असंच, तुम्ही असं करा’ म्हणून सल्ला द्यायला लागलं, तर ‘तुमचं नंतर नक्की ऐकू, आधी यांचं पूर्ण होऊ दे’ असं थेट सांगा.

जमलंय का, हे जोड्यांची वेळ संपल्याचं सांगताना कळतं. आवाज लगेच थांबले नाहीत तर ठीक चाललंय. एखादी जोडी गप्प बसून स्टिकरशी चाळा करत असेल, तर जवळ खुर्ची ओढून विचारा, ‘इथे येताना घरी कोणाला बसवून आलात?’ याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं.

पीएमपीच्या बसमुळे कोणी उशिरा आलं, तर सगळ्यांना थांबवून पुन्हा ओळखी करू नका. चहा आणि स्टिकर देऊन त्यांना जवळच्या जोडीत बसवायचं काम एका सहकाऱ्याकडे आधीच सोपवून ठेवा.