ऑटोकॅड 85 टक्के म्हणजे नेमकं किती?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत मी ड्रॉइंग तपासतो. ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी आलेले बायोडेटाही माझ्याच टेबलावर येतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी सॉफ्टवेअरच्या नावापुढे निळी पट्टी काढलेली असते. ऑटोकॅड 85 टक्के, एक्सेल 90 टक्के. त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. शंभर टक्के ऑटोकॅड येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, मग हे 85 मोजले कशावर? उलट स्वतःला 60 देणारा मुलगा 90वाल्यापेक्षा सरस निघालेला पाहिलाय. ज्याने जास्त काम केलंय त्याला आपल्याला काय येत नाही तेही माहीत असतं.

दिवाळीत दांडिया बाजारात ताईकडे गेलो, तेव्हा भाचीने तिचा बायोडेटा दाखवला. त्यातही पट्ट्या होत्या: ऑटोकॅड 85, सॉलिडवर्क्स 70, एक्सेल 90. मी तिला म्हटलं, पीडीएफ उघड, Ctrl+A आणि Ctrl+C दाब, आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. तीन नावं उतरली, पट्ट्या गेल्या. तिने आकडे पट्टीच्या चित्रातच घातले होते, त्यामुळे तेही गेले. भरती करणाऱ्या कित्येक कंपन्यांचं सॉफ्टवेअर असाच फक्त मजकूर उचलतं. म्हणजे तिथे तिचं ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स एकाच मापाचं दिसलं असतं.

"मग काय लिहू, मामा? 'उत्तम' लिहू?"

'उत्तम'ही पट्टीच झाली, अक्षरांत काढलेली. मी तिला प्रत्येक सॉफ्टवेअरबद्दल चारच गोष्टी विचारल्या. कधीपासून वापरतेस, किती वेळा, त्यातून काय बनवलंस आणि कुठे अडतेस?

ऑटोकॅडवर ती भरभरून बोलली. ऑगस्ट 2022 पासून नोकरीत रोज, साठवणीच्या टाक्यांची जनरल अरेंजमेंट आणि शॉप ड्रॉइंग. सॉलिडवर्क्सचं मात्र डिप्लोमात एकच सत्र झालं होतं, त्यानंतर हातही लागला नव्हता. हे 70 आणि ते 85! एक्सेलमध्ये ती बिल ऑफ मटेरियल आणि प्लेटच्या वजनाचा हिशोब करायची. मॅक्रो कधी लिहिला नव्हता.

बायोडेटा इंग्रजीतच राहिला, पण त्यातल्या ओळींचा मजकूर असा झाला:

ऑटोकॅड: ऑगस्ट 2022 पासून रोज. टाक्यांची 2D जनरल अरेंजमेंट आणि शॉप ड्रॉइंग. ब्लॉक, `XREF`, लेआउटमधून प्लॉट. 3D केलेलं नाही.

एक्सेल: 2022 पासून आठवड्यातून तीन-चार दिवस. बिल ऑफ मटेरियल आणि वजनाचे तक्ते. `SUMIFS`, `VLOOKUP`, पिव्होट. मॅक्रो येत नाहीत.

सॉलिडवर्क्स: डिप्लोमात एक सत्र, पार्ट आणि असेंब्ली. नोकरीत वापर नाही.

'2 वर्षे' न लिहिता सुरुवातीचा महिना लिहायला लावला, कारण वर्षांचा आकडा शिळा होतो आणि बदलायचा राहून जातो. क्लासचे तीन महिने आणि रोजचं काम एका बेरजेत घालू नये, हेही सांगितलं. वर्षं एकटी लिहिली तरी फसवतात. पाच वर्षं एक्सेल उघडून नुसती यादी टाइप करणारे लोक आमच्याकडेही आहेत. म्हणून वर्षांच्या शेजारी काम हवंच.

'3D केलेलं नाही' लिहायला ती तयार नव्हती. ताईही म्हणाली, "आपणच कशाला सांगायचं?" भीती रास्त आहे, आणि जिथे 3D लागतं तिथून बोलावणं येणार नाही हेही खरं. पण मी तपासायला बसतो तेव्हा हद्द सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या ओळींवर माझा विश्वास बसतो. मात्र प्रत्येक उणीव लिहीत बसू नये. त्या जागेवर जी लागण्याची शक्यता आहे तेवढीच लिहावी.

लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येणार, म्हणून आम्ही तिथेच बसून तयारी केली. वजनाचे तक्ते लिहिलेस ना, मग 1.5 बाय 6 मीटर, 10 मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या प्लेटचं वजन सांग. तिने कागद घेतला: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीला 7.85 किलो, 9 गुणिले 10 गुणिले 7.85, म्हणजे 706.5 किलो. बरोबर. मग `XREF`: दुसऱ्या संगणकावर ड्रॉइंग उघडलं आणि जोडलेली फाइल सापडत नाही, तर? इथे ती थांबली. तिच्या ऑफिसात सगळं एकाच सर्व्हरवर होतं, तिला ही अडचण कधी आलीच नव्हती. फाइल पाठवताना `ETRANSMIT` वापरला की जोडलेल्या फाइलीही सोबत जातात, हे तिने त्या रात्री लॅपटॉपवर करून पाहिलं. `XREF` हा शब्द मग बायोडेटात तसाच ठेवला.