उतारावर वाळा लावण्याआधी पहार ठोकून बघा

घरामागचा किंवा रस्त्याकडेचा मातीचा उतार पावसात सुटायला लागला की वाळा लावायचा सल्ला मिळतो. सल्ला चांगलाच आहे, पण माती किती खोलीवरून सरकते आहे हे कळल्याशिवाय तो पाळू नका. मुळं मातीला धरून ठेवतात ती सरकणारा थर आणि खालची स्थिर जमीन यांना शिवून. मुळं त्या सीमेच्या वरच संपली, तर सगळी माती गवतासकट खाली येते.

म्हणून पहिलं काम खोली मोजण्याचं. कोरड्या दिवसांत लोखंडी पहार किंवा जाड सळई उतारावर माथ्याशी, मध्यावर आणि पायथ्याशी ठोकून पाहा. मऊ माती संपून पहार अडली की तिथला कठीण थर किंवा मुरूम लागला असं धरा. मधेच एखादा दगडही लागू शकतो, म्हणून प्रत्येक जागी तीन-चारदा ठोका. पूर्वी माती घसरलेली जागा असेल तर तिची खोलीही मोजा. साधारण एक मीटरच्या आत असलेली घसरण गवत-झुडपांच्या आवाक्यात असते. दीड मीटरच्या पुढे त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. वाळ्याची मुळं मोकळ्या मातीत दोन-तीन मीटर जातात हे खरं, पण दाट जाळं वरच्या भागातच असतं आणि कठीण थर लागला की बरीचशी मुळं तिथेच थांबतात. घसरणही बहुधा नेमकी त्याच थरावरून होते.

एक हिशोब करून पाहू. उतार ३० अंशांचा, मातीचे कण एकमेकांवरून घसरू लागतात तो कोन, म्हणजे अंतर्गत घर्षण कोनही ३० अंश, वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन आणि मातीचा स्वतःचा चिकटपणा २ किलोपास्कल धरू. धरणारं बल भागिले ओढणारं बल एकच्या खाली गेलं की माती सुटते. एक मीटर खोलीवर कोरड्या मातीत हे गुणोत्तर १.२४ येतं. माती पृष्ठभागापर्यंत पाण्याने भरून उताराला समांतर पाझर सुरू झाला की ते ०.७३ होतं. त्या खोलीवर मुळांनी ३ किलोपास्कलची भर घातली तर १.०९, म्हणजे उतार जेमतेम टिकतो. हीच माती अडीच मीटर जाड असेल तर भरल्या पाण्यात गुणोत्तर ०.५८ आणि तिथे मुळं पोचत नसल्याने गवत लावूनही ०.५८च. पाणी पूर्ण काढता आलं तर मात्र ते १.१० होतं. यावरून निचऱ्याचं मोल कळतं.

त्यामुळे लागवडीच्या आधी माथ्यावर चर काढा. वरून येणारं पाणी उतारावर न उतरता बाजूने सुरक्षित ओघळीत गेलं पाहिजे. चराचा तळ झिरपणारा असेल तर त्याला अस्तर करा, नाहीतर तो पाणी उतारातच सोडेल.

मग पावसाळ्याच्या तोंडावर वाळ्याचे ठोंब फोडा. प्रत्येक ठोंबात दोन-तीन फुटवे ठेवून पाला वीतभर राखा आणि मुळं छाटून आखूड करा. ओळी समपातळीत आखा, वरखाली कधीही नाही. ओळीत दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर आणि दोन ओळींत सुमारे एक मीटर उभं अंतर ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत मेलेले ठोंब लगेच बदला. ओळीत एक खिंडार राहिलं तर पाणी तिथेच गोळा होऊन घळ पाडतं. ओळींच्या मधे निर्गुडीच्या काड्या लावता येतात, पण वाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून झुडपं दरवर्षी छाटावी लागतात. मोठी झाडं या उतारावर नकोत.

पहिल्या पावसाळ्यात मुळांकडून आधाराची अपेक्षा धरू नका. ठोंब तेव्हा पाण्याचा वेग आणि मातीची धूप कमी करतात, पण मुळांचा पसारा तयार व्हायला वेळ लागतो. अत्तरासाठी वाळ्याच्या मुळ्या खणून काढायचा मोह या उतारावर अजिबात नको. खणलेली माती मोकळी होते आणि पहिल्याच जोरदार पावसात जाते.

दर मोठ्या पावसानंतर माथा पाहून या. माथ्याला समांतर भेग पडली, पायथ्याशी जमीन फुगली किंवा कुंपणाचे खांब कलले, तर घसरण बहुधा मुळांच्या खालून होते आहे. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून ती चिकणमातीने बुजवा, उताराखाली राहणाऱ्यांना दूर हलवा आणि भू-तांत्रिक अभियंत्याला बोलवा. घसरलेल्या कड्यात मुळांची तुटकी टोकं लोंबत असतील तर मुळं सीमा ओलांडून गेली होती, फक्त पुरी पडली नाहीत. पण मुळांचा गड्डा अख्खाच्या अख्खा खाली आला असेल, तर ती सीमेपर्यंत पोचलीच नव्हती. अशा जागी पुन्हा वाळा लावून माती थांबणार नाही.