जर्मनीला अर्ज करताना: सीव्ही आपला, पत्र मात्र शेफचं

गोव्यातल्या हॉटेलांच्या किचनमधून जर्मनीला अर्ज करणारी बरीच मुलं मला विचारतात. जर्मनचा क्लास, पासपोर्ट, व्हिसा हे तुम्हाला ठाऊक असतंच, त्यावर मी लिहीत नाही. मी लिहितोय ते कागदांच्या भाषांतराबद्दल, त्यातही अनुभवपत्राबद्दल. माझा पहिला अर्ज तिथेच फसला आणि ती आठवण अजून पोटात गोळा आणते.

आधी सीव्ही, कारण ते सोपं आहे. सीव्ही तुमचा असतो, त्यामुळे त्याची मांडणी बदलायचा हक्कही तुमचाच. वडिलांचं नाव, धर्म आणि खालची 'वरील माहिती खरी आहे' ही घोषणा काढून टाका, तिथे त्यांचं काही काम नाही. शेवटी गाव, तारीख आणि सही मात्र असू द्या, तशी तिथली पद्धत आहे. फोटो सक्तीचा नाही, पण हॉटेलवाले अजून पाहतात. साधा, स्वच्छ फोटो लावला तर बिघडत नाही.

गडबड होते ती तारखांची. आपण सरळ '२०१६ ते २०२१, शॅक व हॉटेल' असं लिहून मोकळे होतो. तिथे महिना आणि वर्ष दोन्ही लागतात. माझ्या बाबतीत ऑक्टोबर २०१६ ते मे २०१७ कांदोळीचा शॅक, पुढच्या ऑक्टोबरपासून पुन्हा मेपर्यंत तोच शॅक, आणि ऑक्टोबर २०१८ पासून हॉटेलात कॉमी. असं मांडलं की दोन पावसाळे रिकामे दिसतात आणि ते भरून काढायचा मोह होतो. एजंट तर सर्रास भरतात. करू नका. शॅक पावसाळ्यात मोडावाच लागतो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? 'सीझनचं काम' असं स्पष्ट लिहा. आल्प्समधली स्कीची हॉटेलं सीझनवरच चालतात, त्यामुळे जर्मन शेफला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात मी पेडण्याला घरच्या शेतात होतो, तेही एका ओळीत लिहिलं.

कॉमी, डेमी, शेफ द पार्टी ही पदं तिथेही तीच आहेत, तशीच ठेवा. पण 'कोख' म्हणजे आचारी, या शब्दाला जपा. तिथे प्रशिक्षित कोख म्हणजे तीन वर्षं हॉटेलात काम आणि शाळा एकत्र करून व्यापार मंडळाची परीक्षा पास झालेला माणूस. आपला दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स म्हणजे ते नव्हे. कोर्सचं नाव, संस्था, कालावधी आणि शिकलेले विषय लिहा. समकक्ष आहे की नाही, हे ठरवणारी कार्यालयं तिथे आहेत, तो निकाल आपण सीव्हीत देऊन टाकायचा नसतो.

आता पत्र. आपली सगळी अनुभवपत्रं एकाच साच्यातली असतात: अमुक व्यक्तीने या तारखेपासून त्या तारखेपर्यंत काम केलं, ती सिन्सिअर आणि हार्डवर्किंग आहे, जॉली नेचरची आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. आपल्याकडे हे वाचून कुणी काही ठरवत नाही. जर्मनीत मात्र नोकरी सोडणाऱ्याला कामाचं सविस्तर प्रमाणपत्र मागायचा कायद्याने हक्क आहे, आणि ते सत्य असायलाच हवं, पण कर्मचाऱ्याच्या वाटेत धोंड होईल असंही नको, अशी तिथल्या न्यायालयांची भूमिका. मग वाईट उघड लिहिता येत नाही म्हणून ठरावीक वाक्यांची एक शिडीच तयार झाली. 'स्टेट्स त्सु उन्झरर फोलस्टन त्सुफ्रीडनहाइट', म्हणजे सदैव आमच्या अगदी पुरेपूर समाधानाचं काम, ही सगळ्यात वरची पायरी. 'सदैव' गेलं किंवा 'पुरेपूर' उतरलं की गुण खाली येतात. नुसतंच 'समाधान' राहिलं तर काम जेमतेम. आणि 'त्याने प्रयत्न केले' असं आलं, तर तो नापास.

यात दोन बाजूंनी पाय घसरतो. 'सिन्सिअर एफर्ट्स' शब्दाला शब्द लावून उतरवलं, तर कौतुकाचं पत्र नापासाचं होतं. 'जॉली नेचर'चंही तसंच: मिळूनमिसळून वागण्याचं खास कौतुक दिसलं, की तिथले जुने लोक दारूची शंका घेतात. दुसरी घसरण माझ्या वाट्याला आली. एजंटच्या भाषांतरकाराने 'हार्डवर्किंग'च्या जागी सरळ वरच्या पायरीचं वाक्य टाकलं. मी खूश होतो, पत्र किती भारदस्त दिसत होतं! व्हिडिओवरच्या मुलाखतीत तिथल्या शेफने विचारलं, हे मूळ पत्रात कुठल्या ओळीत आहे? मूळ पत्र त्याच्यासमोर होतं, इंग्रजी त्यालाही येत होतं. पुढचे प्रश्न त्याने विचारलेच नाहीत.

असं झालेलं ओळखायचं कसं? मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवा आणि बोट ठेवून वाक्यं जुळवा. मुळात नसलेलं विशेषण भाषांतरात दिसलं, की थांबा. पणजीतल्या माझ्या जर्मनच्या बाईंनी मला हेच करायला बसवलं, आणि कुठल्याही एजंटपेक्षा असा एक शिक्षक जास्त उपयोगाचा, हे माझं ठाम मत आहे. त्यांनी 'सिन्सिअर'साठी 'गेविसेनहाफ्ट' आणि 'हार्डवर्किंग'साठी 'फ्लाइसिश' हे साधे शब्द सुचवले, जे त्या शिडीवर कुठेच बसत नाहीत. मूळ पत्र भारतीय पद्धतीचं आहे, अशी टीप भाषांतरकाराला स्वतःच्या नावाने चौकटी कंसात देता येते. शिक्का, न वाचता येणारी सही हेही तसंच कंसात. नावाचं स्पेलिंग पत्रात वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं असेल, तर तेही सुधारायचं नाही, आहे तसं उतरवून टीप द्यायची. आपल्याकडे जुन्या पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं घरोघर आहेत, घाबरायचं कारण नाही. सरकारी कामासाठी शपथबद्ध भाषांतरकारच लागतो, आणि तो स्वतःहून शब्द वाढवत नाही, हाच त्याचा मोठा फायदा.

पण मग पत्र तोकडंच राहतं ना? राहतं. त्यावर उपाय भाषांतरात शोधायचा नाही, तो सही करणाऱ्याकडे आहे. मी जुन्या हेड शेफकडे गेलो. "तूच लिहून आण, सही करतो," असं ते म्हणाले. सगळेच असं म्हणतात. लिहून न्या, पण फक्त तारखा, सेक्शन आणि रोजची कामं. काम कसं होतं, ती ओळ कोरी सोडा आणि ती त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. माझ्या कागदावर सी-फूड आणि तंदूर, दोन्ही सेक्शन 'स्वतंत्रपणे' असं होतं. शेफनी तंदूरपुढचा तो शब्द खोडला आणि 'सहायक म्हणून' असं लिहिलं. मला वाईट वाटलं, पण ते खरंच होतं. सी-फूडबद्दल मात्र त्यांनी स्वतःहून लिहिलं, की डिसेंबरच्या गर्दीतही रात्रीची सर्व्हिस हा एकटा काढायचा. साच्यातल्या पत्रात असं वाक्य कधीच आलं नसतं.

शॅकवाल्याकडे लेटरहेड नव्हतं. साध्या कागदावर त्याचं नाव, शॅकचा परवाना क्रमांक, दोन्ही सीझनच्या तारखा, फोन नंबर आणि सही घेतली; तेवढं चाललं. पुढच्या मुलाखतीत तंदूर किती येतो, असं विचारलं तेव्हा पत्रात होतं तेच सांगितलं: सहायक होतो, भट्टी लावायला आणि मॅरिनेशनला येतं, सेक्शन एकट्याने चालवलेला नाही. मग मुलाखत घेणाऱ्या बाई पत्रातल्या सी-फूडच्या ओळीवर आल्या आणि मासा कसा साफ करतो, ते बराच वेळ विचारत राहिल्या.