सेन्सरचा आकडा आणि बोटाचा आकडा जुळत नाही? या चुका टाळा

दंडाला सतत साखर मोजणारा सेन्सर लावला की पहिल्याच दिवशी बहुतेक जण एक प्रयोग करतात. जेवण झाल्यावर बोटाला सुई टोचायची, ग्लुकोमीटरवर १८४ दिसले की लगेच मोबाइल उघडायचा, तिथे १५६ दिसले की म्हणायचे, 'सेन्सर खराब निघाला.' पण बऱ्याचदा तो अगदी ठीक असतो. दोन यंत्रांनी दोन वेगळ्या ठिकाणची साखर मोजलेली असते, आणि चूक तुलनेसाठी निवडलेल्या वेळेत असते.

बोटातून येते ते केशवाहिन्यांमधले रक्त. सेन्सरची केसासारखी बारीक तार मात्र रक्तवाहिनीत जात नाही. ती त्वचेखाली साधारण पाच मिलिमीटरवर थांबते. तिथे पेशींच्या मधल्या जागेत पाण्यासारखा द्रव असतो. रक्तातली साखर केशवाहिन्यांच्या भिंतीतून झिरपून या द्रवात येते आणि तिथून पेशी ती उचलतात. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमचा थर असतो. साखर त्याच्याशी भिडली की रासायनिक क्रिया होऊन अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. साखर जितकी जास्त, तितका प्रवाह जास्त. या प्रवाहावरून यंत्र रक्तातल्या साखरेचा अंदाज बांधते आणि तो अंदाज आपल्याला आकडा म्हणून दिसतो.

उशीर होतो तो दोन ठिकाणी. साखर रक्तातून द्रवात यायला काही मिनिटे घेते. मग तारेवरच्या पडद्यातून ती आत शिरते, आणि आकडा सारखा उड्या मारू नये म्हणून यंत्र मागच्या काही नोंदी जुळवून तो गुळगुळीत करते. सगळे मिळून साधारण ५ ते १५ मिनिटे. म्हणजे स्क्रीनवर आत्ता दिसते ती थोड्या वेळापूर्वीची साखर. याच गुळगुळीतपणामुळे झटकन चढून उतरलेले टोकही सेन्सरवर जरा बसके दिसते.

साखर स्थिर असेल तर या उशिराने काही बिघडत नाही, कारण दहा मिनिटांपूर्वीची आणि आत्ताची साखर जवळपास सारखीच असते. फरक दिसतो तो साखर पळत असताना. चढताना सेन्सर कमी दाखवतो, उतरताना जास्त दाखवतो. वरच्या १८४ आणि १५६ मध्ये नेमके हेच झाले. म्हणून जेवणानंतरच्या तासा-दीड तासात, व्यायाम करताना किंवा इन्सुलिनचा जोर असताना तुलना करू नका. सकाळी उपाशीपोटी, किंवा जेवून तीन-चार तास झाल्यावर, मोबाइलवर आकड्याशेजारी साखरेची दिशा दाखवणारा बाण आडवा असताना करा.

तेव्हाही आकडा तंतोतंत जुळेल ही अपेक्षा नको. घरच्या ग्लुकोमीटरलाही मानकानुसार १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे व्हायची मुभा आहे, आणि सेन्सरचा फरक सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास असतो. १४० आणि १५५ ही भांडण करण्यासारखी तफावत नाही. शिवाय हात धुतलेले हवेत. नुकताच आंबा चिरला असेल तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि ग्लुकोमीटर भलताच मोठा आकडा दाखवतो. अशा वेळी दोष मात्र सेन्सरवर येतो. सॅनिटायझरपेक्षा साबण-पाण्याने हात धुऊन नीट कोरडे करणे चांगले.

आता ज्या चुकीची मला खरी काळजी वाटते ती सांगतो. साखर कमी झाल्यावर लोक सेन्सरकडे बघत बसतात.

समजा, इन्सुलिन घेऊन कोणी संध्याकाळी जोरात चालायला गेले आहे. साखर मिनिटाला २ ने घसरते आहे आणि सेन्सर दहा मिनिटे मागे आहे. साडेसहाला मोबाइलवर ९० दिसतात, बाण खाली. 'नव्वद आहे, घरी जाऊन बघू,' असे मनात येते. पण रक्तात तेव्हा ७० च आहे. सहा पस्तीसला हात थरथरतात, घाम फुटतो. सेन्सर ८० म्हणतो, बोटावर ६० येते. ही व्यक्ती पाण्यात तीन-चार चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, ढवळून पिते. पाच मिनिटांत रक्तातली घसरण ५६ च्या आसपास थांबते आणि साखर वर चढू लागते.

सहा पन्नासला बोट टोचले तर ७५ च्या आसपास येईल. पण सेन्सर अजून मागची घसरण दाखवतो आहे. तिथे ५६ दिसतात आणि अलार्म वाजतो. घाबरून आणखी साखर, वर दोन बिस्किटे, घरच्यांनी हातात दिलेला पेढा. जेवणाच्या वेळी २४० दिसते आणि मग कोणी जादा इन्सुलिन घेते. गणित सोपे करून मांडले आहे, रोजच्या आयुष्यात आकडे इतके सरळ चालत नाहीत. पण चुकांची साखळी अशीच असते. म्हणून साखर खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी बोटाचीच तपासणी करा, आणि ती अजून ७० च्या खाली असेल तरच पुन्हा साखर घ्या. आधीच्या टप्प्यातही आकड्याइतकाच बाण महत्त्वाचा आहे. ९० वर आडवा बाण आणि ९० वर सरळ खाली बाण या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. आणि शरीर एक सांगत असेल, आकडा दुसरेच, तर बोट टोचा.

काही सेन्सरांच्या ॲपमध्ये बोटाचा आकडा भरून कॅलिब्रेशन करता येते. फ्रीस्टाइल लिब्रेसारखे सेन्सर कारखान्यातूनच कॅलिब्रेट होऊन येतात, तिथे हा प्रश्न नाही. जिथे सोय आहे तिथे बाण वर किंवा खाली असताना आकडा भरू नका. तो फरक तात्पुरता असतो, पण यंत्र त्याला कायमचा दोष समजून पुढचे सगळे आकडे सरकवते. घसरण चालू असताना भरलेल्या आकड्यामुळे नंतर स्थिर साखरही कमी दिसू लागते.

सगळाच फरक उशिराचा नसतो. रात्री अचानक ५० च्या घरात घसरण आणि कूस बदलल्यावर थोड्या वेळात सगळे पूर्ववत, असा आलेख दिसला तर सेन्सर अंगाखाली दाबला गेल्याची शक्यता जास्त. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि त्या जागेपुरती साखर कमी दिसते. तरी रात्री अलार्म वाजला की आधी बोट तपासा, दाब होता की खरी घसरण हे तिथेच कळेल. सेन्सर लावल्यावर पहिले २४ तास त्वचेला झालेली बारीक इजा भरत असते, तेव्हाचे आकडे जरा बेभरवशाचे असतात. लिब्रे वापरणाऱ्यांनी व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे, काही मॉडेलमध्ये दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास आकडा खोटाच चढा दिसू शकतो.

पहिला दिवस उलटला आहे, बाण आडवा आहे, हात धुतलेले आहेत, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत संपलेली नाही, आणि तरीही वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा २० टक्क्यांहून जास्त फरक येतो, तर मात्र सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. प्रत्येक वेळी ग्लुकोमीटर आणि मोबाइल शेजारी ठेवून वेळेसह फोटो काढा, खोक्यावरचा सिरियल नंबर जपून ठेवा आणि कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा. तोवर इन्सुलिनचा डोस बोटाच्या आकड्यावर ठरवा.