बातम्यांच्या जुन्या व्हिडिओंना नावांचे टॅग लावण्याआधी: नागपूर डेस्कसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी टॅग म्हणजे नेमकं काय, हे लिहून काढा आणि डेस्कवरच्या प्रत्येकाला वाचायला द्या. ट्रान्सक्रिप्टमधून नावं वेचणारं मॉडेल एवढंच सांगतं की अमुक सेकंदाला अमुक नाव उच्चारलं गेलं. ती व्यक्ती पडद्यावर दिसते की नाही, हे त्याला कळत नाही. बुलेटिनला अर्धा तास उरलेला असताना प्रोड्यूसर मात्र ‘गडकरी’ शोधतो ते त्यांची दृश्यं हवी असतात म्हणून, आणि त्याला मिळतो अँकरने त्यांचं नाव घेतलेला तुकडा. म्हणून डेटाबेसमध्ये ‘उल्लेख’ आणि ‘दृश्यात’ असे दोन वेगळे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. ट्रान्सक्रिप्टवरून फक्त पहिला भरायचा. दुसरा कॅमेरामनच्या नोंदींवरून किंवा माणसाने पाहून भरायचा. हे दोन रकाने नंतर वेगळे करणं फार जड जातं.

मग आवाज वेगळा काढायचा. स्टुडिओच्या फाइलमध्ये बहुधा एकाहून अधिक ऑडिओ ट्रॅक असतात, एकावर अँकरचा माइक आणि दुसऱ्यावर भोवतालचा गलका. ते मिसळले की नावंच आधी बुडतात. कोणत्या ट्रॅकवर काय आहे ते ऐकून ठरवा आणि तोच ट्रॅक घ्या:

```
ffmpeg -i in.mxf -map 0:a:0 -ac 1 -ar 16000 out.wav
```

इथे एक गोष्ट हमखास निसटते. व्हिडिओचा टाइमकोड 10:00:00:00 पासून सुरू होत असेल, तरी काढलेली ऑडिओ फाइल शून्यापासूनच मोजते. नाव ७५४व्या सेकंदाला सापडलं, तर एडिटरला ते 10:12:34:00 ला दिसलं पाहिजे. प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा टाइमकोड आधीच वाचून नोंदवून ठेवा.

ट्रान्सक्रिप्ट काढताना नागपूरची बोली लक्षात ठेवा. अँकर मराठी बोलतो, पण बर्डीवरच्या दुकानदाराचा बाइट बहुतेक वेळा हिंदीत असतो आणि पोलीस अधिकारी एका वाक्यात तीन भाषा वापरतात. अख्ख्या फाइलची भाषा ‘मराठी’ अशी ठोकून दिली, तर हिंदी बाइटमधली नावं वेडीवाकडी उतरतात. आधी तुकडे पाडा आणि भाषा तुकड्यागणिक ओळखू द्या. व्हिस्परसारख्या, आवाजाचा मजकूर करणाऱ्या मॉडेलला सुरुवातीला नावांची यादी सुचवता येते, पण तिची मर्यादा २२४ टोकनची, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांची आहे आणि देवनागरी अक्षरं टोकन भराभर खातात, त्यामुळे जेमतेम काही नावं मावतात. ती जागा त्या दिवसाच्या रनडाउनमधल्या नावांना द्या. जुने रनडाउन आणि स्क्रिप्ट जपून ठेवलेल्या असतील तर ते मोठं घबाड आहे: बातमी कुठे सुरू झाली, कुठे संपली आणि नावाचं लेखन काय, हे तिन्ही तिथे मिळतं.

आता या यादीतलं सर्वांत मोठं काम, म्हणजे तुमच्या भागाची नामसूची. मराठीत कॅपिटल अक्षर नाही, आणि नाव क्वचितच मूळ रूपात येतं. नागपूरचं नागपुरात होतं, वर्ध्याचं वर्ध्याहून, गोंदियाचं गोंदियातला. पहिला मोह होतो प्रत्यय छाटण्याचा: शेवटचं ‘ला’ काढा, ‘त’ काढा, उरेल ते नाव. हा मोह टाळा, कारण अशाने अकोला ‘अको’ होतं. उलट दिशेने जा. मूळ नाव घ्या आणि त्याची सगळी रूपं आधीच तयार करून सूचीत ठेवा.

```
id: LOC-0012
नाव: भंडारा (जिल्हा/शहर)
रूपे: भंडाऱ्यात, भंडाऱ्याला, भंडाऱ्याहून, भंडाऱ्याच्या
```

टॅग म्हणून साठवायचा तो id, लिहिलेला शब्द नव्हे. मग बर्डी, सीताबर्डी आणि बर्डीवर ही तिन्ही एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. सूची जुळवण्याआधी युनिकोड एकसारखं करून घ्या. भंडाऱ्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, एकदा र, हलंत आणि न दिसणारा जॉइनर वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. नेहमीच्या NFC रूपांतराने हा फरक जात नाही, त्यासाठी बदलाचा नियम हाताने लिहावा लागतो. भंडाऱ्याच्या बातम्या निम्म्याच सापडत असतील तर आधी इथे पाहा.

सूचीबरोबरच धोक्याच्या शब्दांचा वेगळा कागद करा. भंडारा जिल्हाही आहे आणि मंदिरातलं महाप्रसादाचं जेवणही, आणि आपल्याकडे दोन्हींच्या बातम्या येतात. महाल ही वस्ती आहे आणि वाडाही. पण सर्वांत अवघड सदर. ‘सदर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल’ इथे ते ठिकाण आहे, ‘सदर आरोपीला अटक’ इथे नाही, आणि ‘सदर परिसरात शोध सुरू’ या वाक्यावरून माणसालाही ठरवता येत नाही. माझं ठाम मत आहे की अशा शब्दांना आपोआप टॅग लावूच नये. शेजारी पोलीस ठाणे, बाजार असा खात्रीचा शब्द असेल तरच लावा, बाकी सगळे तपासणीच्या रांगेत टाका. सदरचे थोडे टॅग सुटले तरी चालेल, पण प्रत्येक गुन्हेवार्ता सदरमध्ये घडल्याचं दाखवणारा संग्रह कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही.

माणसांच्या बाबतीत एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहा. डिसेंबर २०१९च्या हिवाळी अधिवेशनाचं चित्रण घ्या. तेव्हा उद्धव ठाकरे नुकतेच मुख्यमंत्री झाले होते आणि विकास ठाकरे पश्चिम नागपूरचे नवे आमदार होते. समजा ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘ठाकरेंनी विधानभवनाबाहेर पत्रकारांना सांगितलं’ असं आलं. मॉडेल ‘ठाकरें’ला व्यक्ती म्हणून बरोबर ओळखेल, पण कोणते ठाकरे हे सांगणार नाही. आणि आधीच्या वाक्यात पूर्ण नाव असलं, तरी ‘विकास’ हा नेहमीचा शब्द समजून ते फक्त आडनाव उचलण्याची शक्यता मोठी. म्हणून क्रम असा ठेवा. प्रथम त्याच बातमीत पूर्ण नाव शोधा आणि नुसत्या आडनावाला तेच जोडा. ही जोडणी बातमीच्या सीमेपलीकडे जाऊ देऊ नका, इथे रनडाउन कामी येतो. पूर्ण नाव नसेल तर हुद्दा पाहा. बातमीत दोन्ही ठाकरे असतील तर अंदाज बांधू नका, आडनावाचा टॅग ‘अनिश्चित’ म्हणून रांगेत जाऊ द्या.

हुद्द्यांसाठी तारखांचा तक्ता हवा. नुसतं ‘मुख्यमंत्री’ म्हटलं की ऑक्टोबर २०१४ ते नोव्हेंबर २०१९ देवेंद्र फडणवीस, २८ नोव्हेंबर २०१९ पासून उद्धव ठाकरे, ३० जून २०२२ पासून एकनाथ शिंदे आणि ५ डिसेंबर २०२४ पासून पुन्हा फडणवीस. तक्त्यात शोधायची ती चित्रणाची तारीख, प्रसारणाची नव्हे, कारण जुनी दृश्यं आणि जुने बाइट नव्या बातमीत सतत वापरले जातात. ‘माजी’ हा शब्द आधी आला तर हा नियम लावायचाच नाही. ठिकाणांनाही तारीख लागते: हिवाळी अधिवेशन म्हणजे नागपूर, हा आपल्या डोक्यातला पक्का हिशेब, पण २०२० आणि २०२१ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली. जे उच्चारलंच नाही ते ठिकाण गृहीत धरून टॅग करू नका.

उत्पादनांसाठी तयार मॉडेलवर विसंबता येत नाही. नामपदम या संचावर शिकलेलं मॉडेल व्यक्ती, ठिकाण आणि संस्था एवढंच ओळखतं. महाएनईआर या दुसऱ्या संचात हुद्दा, तारीख, वेळ आणि मोजमाप यांची भर आहे, पण उत्पादन हा वर्ग तिथेही नाही. विदर्भाच्या शेतीच्या बातम्यांत तर हाच वर्ग सर्वांत जास्त विचारला जातो. ‘यंदा फुले संगम पेरलं’ या वाक्यातलं फुले संगम हे सोयाबीनचं वाण, पण मॉडेल फुले या आडनावावर थांबून व्यक्तीचा टॅग लावून मोकळं होतं. त्याच वाणाला कोणी केडीएस ७२६ म्हणतं आणि ट्रान्सक्रिप्टमध्ये ते ‘के डी एस सातशे सव्वीस’ असं अक्षरी उतरतं. जेएस ३३५चंही तसंच. म्हणून वाणांची सूची नाव, संकेत आणि अक्षरी उच्चार अशा तिन्ही रूपांत करा, आणि ती मॉडेलच्या आधी चालवा. सूचीला लांबलचक नाव सापडलं की त्या शब्दांवर मॉडेलचं मत घ्यायचं नाही. पेरलं, बियाणं, एकरी उतारा असे शब्द जवळपास असतील तर खात्री आणखी वाढते. कंपनी आणि वस्तू यांचीही फारकत आधीच ठरवा: ‘महाबीजचं बियाणं’ यात महाबीज ही संस्था आहे. आणि बजाजनगर हे ठिकाण सूचीत अखंड असू द्या, नाहीतर त्यातून कंपनी निघेल.

चाचणीचा संच हे सगळं चालवण्याआधी तयार हवा. वेगवेगळ्या वर्षांचे, स्टुडिओतले आणि रस्त्यावरचे तुकडे निवडा. दोघांनी एकमेकांचं न पाहता हाताने टॅग लावावेत, आणि जिथे मतभेद होतील तिथे नियम सुधारावा. मग मॉडेल दोनदा चालवा, एकदा हाताने शुद्ध केलेल्या मजकुरावर, एकदा यंत्राच्या ट्रान्सक्रिप्टवर. शुद्ध मजकुरावर नाव सापडतं आणि यंत्राच्या मजकुरावर हरवतं, तर दोष ऐकण्यात आहे आणि नाव ओळखणारं मॉडेल बदलून काही साधणार नाही. दोन्हीकडे हरवतं, तर सूची किंवा मॉडेल दुरुस्त करा. अचूकतेचा आकडा वर्गागणिक वेगळा काढा. सगळ्यांचा मिळून एकच आकडा काढला तर गडकरी-फडणवीसांसारखी सोपी, वारंवार येणारी नावं वाणांचं अपयश झाकून टाकतात.

एक रांग कायम माणसाच्या हाती राहू द्या. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची ओळख उघड करायला पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८अ ने आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ने मनाई आहे. बालकांसाठी पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. कच्च्या रशेसमध्ये नातेवाईक, शेजारी बोलताना ही नावं येतात. प्रसारणात ती कापलेली असली तरी यंत्र कच्चा आवाज ऐकतं, आणि वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेस न आलेलं नाव शोधपट्टीत एका क्लिकवर येतं. अशा बातम्यांच्या फाइल आधीच बाजूला काढा. त्यांची ट्रान्सक्रिप्टही सर्वांच्या शोधात येऊ देऊ नका, कारण टॅग पुसला तरी मजकुरात नाव उरतंच. शिवाय एकूणच सूचीबाहेरच्या खासगी व्यक्तींची नावं आपोआप टॅग म्हणून जाहीर होणार नाहीत, असा नियम ठेवा.

शेवटी प्रत्येक टॅगसोबत तो कोणी लावला, म्हणजे सूची, मॉडेल की माणूस, आणि सूचीची कोणती आवृत्ती तेव्हा होती, हे साठवा. नवं वाण सूचीत आलं की पूर्ण संग्रह पुन्हा ऐकवावा लागत नाही, साठवलेल्या ट्रान्सक्रिप्टवर फक्त जुळवणी पुन्हा चालते. आणि माणसाने दुरुस्त केलेला टॅग पुढच्या फेरीत यंत्राने बदलू नये, याची तजवीज पहिल्या फेरीआधीच करा.