आयईएलटीएस स्पीकिंग: ‘सॉरी, आय मीन’मध्ये गेलेला अर्धा बँड

“लास्ट इयर वुई गो… सॉरी, वुई वेन्ट… आय मीन, वुई हॅव गॉन टू कोकण विथ माय… विथ माय फॅमिली.”

माझ्याकडे सरावाला येणाऱ्या एका नर्सच्या रेकॉर्डिंगमधलं हे पहिलंच वाक्य. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगला, म्हणजे तोंडी मुलाखतीला, नऊपैकी ७ बँड लागतो, तेवढ्यासाठी तिची धडपड चालली होती. ‘गो’ चुकलं, तिने ‘वेन्ट’ केलं. तिथे थांबली असती तर काम झालं होतं. पण शाळेपासून व्याकरणाचा धाक बसलेला, त्यामुळे तिला ‘वेन्ट’सुद्धा साधं वाटलं आणि ‘हॅव गॉन’ आणलं. ‘लास्ट इयर’ म्हटल्यावर ते चालत नाही. बरोबर आलेलं वाक्य तिने स्वतःच्या हाताने मोडलं आणि त्यात पाच-सहा सेकंद घालवले.

हे महाग का पडतं, ते गुण कसे देतात यावरून कळतं. अकरा ते चौदा मिनिटांच्या या मुलाखतीला चार निकष असतात: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चौघांचं वजन सारखं. समजा व्याकरण, शब्द आणि उच्चार यांत तिला ७ मिळाले आणि ओघात ५, तर सरासरी होते ६.५. व्याकरण सांभाळण्याच्या नादात नोंदणी हुकली.

चूक पहिली: कानाला खटकेल ते सगळं दुरुस्त करणं

स्वतःची चूक सुधारणं हा गुन्हा नाही. ९ बँडच्या वर्णनातही क्वचित होणाऱ्या दुरुस्तीला जागा आहे आणि ७ ला थोडीफार दुरुस्ती चालते. ६ ला त्यामुळे अधूनमधून बोलण्याचा धागा सुटतो. ५ ला मात्र माणूस गाडी पुढे ढकलण्यासाठीच शब्द पुन्हा उच्चारत आणि सुधारत राहतो. फरक आहे तो किती वेळा आणि कशासाठी, याचा.

मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: ही चूक तशीच राहिली तर ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल का? काळ चुकला, ‘ही’ऐवजी ‘शी’ झालं, नकार राहून गेला, तर सुधारा. ‘अ’ की ‘द’ यात अडकला असाल तर जाऊ द्या. सुधारायचं तेव्हा चुकलेला तुकडाच सुधारायचा, तोही एकदाच: “वुई गो, वुई वेन्ट टू कोकण.” ‘सॉरी’ म्हणायचीही गरज नाही. परीक्षक माफी मागायला बसवत नाहीत. पहिल्या दुरुस्तीनंतरही शंका असली तरी पुढे जा, कारण घाईतल्या दुसऱ्या दुरुस्तीत बरोबर रूप हातचं जाण्याचीच भीती जास्त.

सगळ्याच चुका सोडून द्या, असा याचा अर्थ नाही. व्याकरणात ७ हवा तर बिनचूक वाक्यं वारंवार यायला लागतात. पण ती परीक्षेच्या खुर्चीत बसून घडत नाहीत, घरी घडतात.

चूक दुसरी: भलत्या जागी थांबणं

थांबल्याबद्दल सरसकट गुण कापत नाहीत. परीक्षक दोन प्रकारचं थांबणं वेगळं काढतात. काय सांगायचं याचा विचार करताना थांबलात तर ते ८-९ बँडच्या माणसालाही शोभतं. शब्द किंवा व्याकरण शोधताना थांबलात तर ओघात धरलं जातं. परीक्षकाला तुमच्या डोक्यातलं दिसत नाही, पण कुठे थांबलात ते ऐकू येतं. वाक्य संपल्यावर दोन सेकंद थांबणारा विचारी वाटतो. “ही वॉज व्हेरी…” म्हणून तेवढेच दोन सेकंद थांबणारा शब्द शोधतोय हे लगेच कळतं.

मराठी माणसाची यात एक खास गोची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून ‘मी काल आईबरोबर बाजारात…’ इथपर्यंत आपण निवांत पोचतो आणि मग ‘गेलो’ ठरवतो. इंग्रजीत ‘आय’ म्हटल्याबरोबर क्रियापद द्यावं लागतं. म्हणून “आय… आय… आय वेन्ट” असं अडखळणं मला सारखं ऐकू येतं. यावर उपाय म्हणजे ‘आय’ तोंडातून काढण्याआधीच थांबायचं. थांबणं तेवढंच राहतं, जागा बदलते.

आमच्या नर्सबाईंची सर्वांत लांब शांतता आली ती घाटापाशी. “देअर वॉज अ… अं…” आणि पाच सेकंद काही नाही. ‘घाट’साठी एक इंग्रजी शब्द शोधण्यात त्या अडकल्या. खरं तर “अ रोड दॅट ट्विस्ट्स डाउन द माउंटन” एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नेमका शब्द नसताना अर्थ फिरवून सांगता येणं शब्दसंपत्तीच्या निकषात जमेचंच धरतात, म्हणजे इथे शांततेने दोन्हीकडून नुकसान केलं.

चूक तिसरी: एकाच भरतीच्या शब्दावर सगळा भार

‘वेल’, ‘यू नो’, ‘अ‍ॅक्च्युअली’ यांच्यावर बंदी नाही. उत्तराच्या सुरुवातीला ‘वेल’ म्हणून क्षणभर वेळ घेणं नैसर्गिकच आहे. पण एक आयटीतला मुलगा होता, त्याने दोन मिनिटांत चौदा वेळा ‘बेसिकली’ म्हटलं. आम्ही बोटांवर मोजलं, मग तोच हसायला लागला. असं ठरावीक जोडशब्दांचं अजीर्ण ५ बँडच्या वर्णनात नावानिशी आहे. ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ असे मराठी भरतीचे शब्द मधे घुसले तर परीक्षकाला ते कळत नाहीत आणि वाक्य तुटतं. त्यापेक्षा नुसती शांतता बरी.

याहून वाईट सवय क्लासमधून लागते: प्रत्येक प्रश्नाला “दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन”. तुमचं नाव, गाव विचारल्यावरही हे आलं की पाठांतर उघडं पडतं.

चूक चौथी: ओघ म्हणजे वेग, असं धरून चालणं

तो आयटीतला मुलगा भराभर बोलायचा. पण वाक्यं छोटी, एकसारखी, शब्दांची शेवटची व्यंजनं गिळलेली. ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’ लावून लांब वाक्य करायला सांगितलं की अडखळला. ५ बँडचं हे ओळखीचं लक्षण: साधं बोलणं सुरळीत, गुंतागुंतीचं आलं की गाडी बंद. वेगाने ते झाकलं जात नाही, उलट उच्चाराचाही गुण जातो.

घरी कसं तपासायचं

क्यू कार्डचा, म्हणजे परीक्षक बोलायला विषय देतात त्या कार्डाचा, एक विषय घ्या. परीक्षेसारखा एक मिनिट विचार करा आणि दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. मग ते शब्दशः कागदावर उतरवा, ‘अं’सकट. वाक्यामधल्या थांबण्याला एक खूण, दुरुस्तीला दुसरी, भरतीच्या शब्दाला तिसरी. कंटाळवाणं आहे, पण कुठला रोग आहे ते या कागदावरच दिसतं. दुरुस्त्यांच्या खुणा जास्त असतील तर तुम्ही नर्सबाईंच्या गटात, चुका ढीगभर आणि दुरुस्ती एकही नसेल तर त्या मुलाच्या.

पहिल्या गटासाठी भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्यामुळे गाजलेली ४/३/२ पद्धत चांगली: तीच गोष्ट चार मिनिटांत, मग दुसऱ्याला तीन, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. दुसऱ्या गटाने ती तशीच केली तर चुका पक्क्या होतात. त्यांनी दोन फेऱ्यांच्या मधे कागदावरची एकच चूक निवडावी, जसं भूतकाळ, आणि पुढच्या फेरीत फक्त तिच्याकडे लक्ष द्यावं.

नर्सबाईंनी तीन आठवडे हे केलं. शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटांत तीन दुरुस्त्या होत्या. ‘द कोकण’ तसंच राहिलं होतं, आणि त्यांनी ते सुधारलं नव्हतं.