पोहे-साबुदाणा फोटो बघून मागवताय? या चुका टाळा

आता ठाण्यात जांभळी नाक्यावर जाऊन मुठीत पोहे घेऊन बघायला कुणाला जमतं, दुकानदार व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतो, आपण "हेच एक किलो पाठवा" लिहितो आणि संध्याकाळी पिशवी दारात. सगळा घोळ त्या फोटोत होतो, कारण बहुतेक जण फोटोत पोह्याचा आकार बघतात आणि फोटोत सगळ्यात फसवा असतो तो आकारच. मोबाइल जवळ नेला की पातळ पोहासुद्धा जाडजूड दिसतो.

माझी नणंद नेरूळला असते, तिला चिवड्यासाठी पातळ पोहे हवे होते. दुकानातून दोन फोटो आले, दोन्हीत पोहे साधारण सारखेच, पांढऱ्या कागदावर आणि वरून फ्लॅश मारलेला. तिने मला पाठवले. मी म्हटलं असं काही कळणार नाही, त्यांना सांग दोन्हीतले चिमूट चिमूट पोहे वर्तमानपत्रावर पसरा, फ्लॅश बंद करा आणि खिडकीजवळ फोटो काढा. नवीन फोटो आले आणि लगेच उलगडा झाला. एका फोटोत पोह्याखालची अक्षरं पुसट का होईना दिसत होती, कडा झिरझिरीत, कुठे कुठे फाटल्यासारख्या, वळलेल्या. ते पातळ. दुसऱ्यात खालचं काहीच दिसत नव्हतं, मधला भाग दुधाळ आणि तांदळाच्या दाण्याचा लांबट आकार अजून टिकलेला, ते जाडे. शिवाय छापलेलं अक्षर शेजारीच असल्यामुळे पोहा खरंच केवढा आहे तेही कळतं. (फोटो झाला की ती चिमूट टाकून द्यायची, शाईला लागलेली खायची नाही.)

अजून एक खूण म्हणजे पाकीट. अर्ध्या किलोची दोन पाकिटं शेजारी ठेवून फोटो मागा, पातळ पोह्यांचं पाकीट चांगलंच फुगलेलं मोठं दिसणार, कारण तेवढ्याच वजनाला पातळ पोहे जास्त जागा घेतात. त्याच फोटोत तळाचा कोपरा बघा, तिथे चुरा साठलेला असेल तर ते पाकीट नको. पोह्यावर बारीक लालसर रेषा दिसल्या तर मात्र घाबरू नका, तो तांदळाचाच कोंडा असतो.

कांदेपोह्यांना जाडेच हवेत, चाळणीत घेऊन धुवायचे आणि पाचदहा मिनिटं निथळत ठेवायचे, दाणा सुटा राहतो. पातळ असे धुतले तर लगदा ठरलेला. दडप्या पोह्यांना पातळ, आणि ते धुवायचेच नाहीत, कांदा, ओलं खोबरं, लिंबू यांच्या ओलाव्यावरच ते मऊ होतात. तिथे जाडे घातले तर दाताखाली कचकच लागतात.

साबुदाण्यात लोक मोठा की बारीक एवढंच बघतात आणि खरी गोष्ट राहून जाते. खिचडीचा साधा साबुदाणा पांढरा, खडूसारखा, चमक नसलेला असतो. नायलॉन साबुदाणा काचेच्या मण्यांसारखा, उजेड आरपार जाणारा. हा फरक बनवण्यातला आहे, साधा गरम तव्यावर भाजतात आणि नायलॉन वाफवून वाळवतात, म्हणून नायलॉन नेहमीसारखं पाणी पीत नाही. खिचडीला तो घेतला तर रात्रभर भिजवूनही आत कडक कणी राहू शकते आणि आपण पाण्याच्या मापाला दोष देत बसतो. पांढऱ्या ताटलीतल्या फोटोत हे दोन्ही सारखेच दिसतात. तळहातावर चार दाणे ठेवून खिडकीकडे धरून फोटो मागा, लगेच कळतं. चुरा आणि फुटके दाणे इथेही बघाच, कारण साबुदाण्याचं पीठ भिजलं की तेच खिचडीला चिकट करतं.

योग्य साबुदाणा आला तरी दोनतीनदा धुवा आणि दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चारसहा तास भिजवा. दाणा बोटांत दाबला की आत टणक काही न लागता सपाट चिरडला पाहिजे. खिरीला बारीक साबुदाणा बरा, लवकर शिजतो.

खवट वास फोटोत येत नाही, त्यामुळे पॅकिंगची तारीख वेगळी विचारा आणि पिशवी आल्यावर आधी उघडून वास घ्या, मगच डब्यात ओता.

आणि चुकीचं आलंच, परत घेत नाहीत, तर चिवड्यासाठी आलेले जाडे पोहे भाजत बसू नका, ते कडकच राहतात, गाळणीत थोडे थोडे घेऊन कडक तेलात तळा, छान फुलतात. कांदेपोह्यांसाठी पातळ आले तर त्या दिवशी दडपे पोहे करा. नायलॉन साबुदाणा न भिजवता तसाच तळून उपवासाच्या चिवड्यात घाला, फक्त आधी चारच दाणे तेलात टाकून बघा, ते पूर्ण फुलून वर आले की मगच बाकीचे सोडा, नाहीतर आत कडक राहतात.